निरोपाच्या पत्रात जहाजाचा नंबर कशाला?

“तुमचं निरोपाचं पत्र वाचून निराशा झाली. नऊ महिन्यांसाठी घर सोडणारा माणूस बायकोला जहाजाचा नंबर, एजंटाचा पत्ता आणि पीककर्जाची तारीख लिहितो? त्यात ‘दोन महिने पगार आला नाही तर’ वाचून त्या बाईच्या जिवाला घोर लागला नसेल का? असा निरोप कोणी घेतो का?”

दादा, उत्तराला उशीर झाला. कार्डावरचा डेटा संपला होता, आज बंदरात लागलो.

मायेचं जे बोलायचं होतं ते घरी बोलून झालं होतं. बाबांशी बोलायला तर वावरात जावं लागलं, घरात ते गप्पच असतात. पत्र मात्र मी नसताना उघडायचं होतं, म्हणून त्यात मी नसताना लागणाऱ्या गोष्टी लिहिल्या.

जहाजाच्या नंबराचं सांगतो. आमच्याच तालुक्यातला एक पोरगा जहाजाच्या इंजिनरूममध्ये ऑइलर म्हणून गेला होता. काही महिन्यांनी पैसे यायचे थांबले आणि फोनही बंद. घरच्यांकडे जहाजाचं नाव होतं, ते त्यांनी मोबाइलवरच्या जहाज शोधायच्या अ‍ॅपमध्ये टाकलं, तर काहीच सापडेना. माय रडून रडून अर्धी झाली, जहाज बुडालं असंच तिच्या मनानं घेतलं. झालं होतं एवढंच की जहाज मधेच विकलं गेलं आणि नव्या मालकानं नाव, झेंडा दोन्ही बदलले. कराराची प्रत पोराजवळच जहाजावर होती, एजंट फोन उचलेना. शेवटी पोराच्या पुतण्यानं जुने व्हॉट्सअ‍ॅप फोटो चाळले. एका फोटोत जहाजाची मागची बाजू दिसत होती, नावाखाली IMO आणि पुढे सात आकडे रंगवलेले. तो नंबर टाकल्याबरोबर नवीन नावाचं जहाज एका परक्या बंदराबाहेर नांगरून उभं असलेलं दिसलं. नाव, मालक, झेंडा काहीही बदललं तरी आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. केंद्र सरकारच्या जहाज खात्याकडे, म्हणजे डीजी शिपिंगकडे तक्रार गेली तेव्हा जहाज कोणतं हा घोळच उरला नाही.

म्हणून माझ्या पत्रात तो नंबर पहिल्याच पानावर आहे. शेजारी माझ्या सीडीसीचा, म्हणजे खलाशाच्या पुस्तिकेचा नंबर, एजंटाच्या खलाशी भरतीच्या आरपीएसएल परवान्याचा क्रमांक आणि करार कपाटात कुठे ठेवलाय ते.

त्याच अ‍ॅपबद्दल बाबांसाठीही चार ओळी आहेत, त्या तुमच्या नजरेतून सुटल्या असाव्यात. फुकटच्या अ‍ॅपला किनाऱ्यावरच्या अँटेनाचा आधार असतो, त्यामुळे जहाज खोल समुद्रात गेलं की शेवटची जुनी जागाच दिसत राहते. धोक्याच्या पट्ट्यात कॅप्टन कधी मुद्दाम सिग्नल बंद करतो. बाबा रात्री दोनदा उठून तो ठिपका बघणार, हे मला माहीत आहे. ठिपका हलला नाही म्हणून जहाज थांबलं असं नाही, हे आधी सांगितलेलं बरं.

आता दोन महिन्यांच्या पगाराचं. तो आकडा माझ्या मनचा नाही. एमएलसी नावाच्या आंतरराष्ट्रीय करारात २०१७ पासून तरतूद आहे की मालकानं किमान दोन महिन्यांचा पगार थकवून खलाशाला वाऱ्यावर सोडलं, तर ते ‘परित्याग’ धरता येतं. मग मालकाच्या विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार आणि घरी परतायचा खर्च मिळू शकतो. पण त्यासाठी कोणीतरी वेळेत ओरडावं लागतं. जहाजावरचा माणूस पुष्कळदा ओरडत नाही, पुढच्या कराराची भीती असते. घरच्या बाईला तारीख माहीत असली तर ती एजंटाला विचारू शकते, त्यानं हात वर केले तर डीजी शिपिंगला आणि खलाशांच्या युनियनला लिहू शकते. माझा एक पगार मागे एकदा लांबला होता, तेव्हा तिनं पंधरा दिवस कोणालाच विचारलं नाही, कारण कधी विचारायचं हेच तिला ठाऊक नव्हतं.

पीककर्ज माझ्या नावावर आहे, मार्चअखेर भरायचं. मी जूनमध्ये निघालो. करारात नऊ महिने लिहिलेत, पण पुढे ‘एक महिना कमी-जास्त’ असंही आहे. बदली माणूस आला नाही तर मार्चच्या शेवटी मी समुद्रातच असेन. म्हणून कुलमुखत्यारपत्र करून भावाकडे ठेवलं आणि तसं लिहिलं. साळीचं लग्न फेब्रुवारीत धरू नका, हेही त्याच हिशेबानं.

राहिला घोराचा प्रश्न. पत्र वाचून बायकोनं मला एकच विचारलं, “दोन महिने मोजायचे कुठून?” मी सांगितलं, जूनचा पगार जहाजावर चढलो त्या दिवसापासून, म्हणजे अर्धाच, आणि तो जुलैत जमा होईल. तिनं कॅलेंडरवर जुलैची दहा तारीख पेनानं गोल केली आणि ऑगस्टच्या, सप्टेंबरच्या दहावरही तसंच केलं.