दोन कोटेशनं आणि "दादा, यातलं कुठलं बरं?"

माझा मावसभाऊ डोंबिवलीत त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. परवा रात्री त्याने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या दोन पीडीएफ टाकल्या आणि खाली एवढंच लिहिलं, दादा यातलं कुठलं बरं, उद्या मीटिंग आहे.

आता अशा वेळी लोक दोन प्रकारे वागतात. एक तर शेवटच्या पानावरचा टोटल बघून "पहिलंच घ्या, दीड-दोन लाख वाचतात" म्हणून मोकळे होतात, नाहीतर "ते सगळं तुमच्यावर आहे" म्हणून हात झटकतात. दोन्ही उत्तरं बिनकामाची, कारण मीटिंगमध्ये सभासद त्यालाच धरणार ना.

पहिल्या पार्टीचं कोटेशन ४००० स्क्वेअर फुटाला ९५ रुपयांनी ३ लाख ८० हजार, आणि दुसऱ्याचं सगळं मिळून ५ लाख ६० हजार. फरक १ लाख ८० हजारांचा. पण दुसऱ्याच्या आकड्यात जीएसटी धरलेला, पहिल्याने खाली बारीक अक्षरात "जीएसटी एक्स्ट्रा" लिहिलंय, म्हणजे १८ टक्क्यांनी ६८,४०० तिथेच वाढले. आणि त्याच्याच खालची ओळ बघा, "सिव्हिल रिपेअर ॲज पर ॲक्च्युअल". कोटेशनमधली सगळ्यात महाग ओळ हीच, कारण तिच्यासमोर आकडाच नाही.

हे का महत्त्वाचं ते सांगतो. जुन्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, तो वर्षानुवर्षांच्या उन्हापावसाने काही ठिकाणी स्लॅबपासून सुटतो आणि पाणी त्या मधल्या फटीतून पसरत जातं, म्हणून टपकतं एका फ्लॅटमध्ये आणि चीर असते भलतीकडेच. हातोडीने ठोकत फिरलं की सुटलेल्या जागी पोकळ आवाज येतो. तो भाग न काढता वरून कितीही भारी कोटिंग मारलं तरी आतलं पाणी आतच राहतं आणि उन्हात त्याची वाफ होऊन कोटिंगला फुगे येतात. दुसऱ्या पार्टीने ठोकून बघितलं होतं, ६०० स्क्वेअर फूट पोकळ भाग तोडून नवीन कोबा, डेब्रिज खाली उतरवणं, पॅराफिटच्या कडेने, भिंत आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा २६० फूट आणि शेवटी पाणी भरून ४८ तास टेस्ट, सगळं लिहून दिलेलं.

मग भावाला म्हटलं, पहिल्याला फोन करून याच कामांचे रेट घे. त्याने कोबा तोडून नवीन करायचे डेब्रिजसकट १०० रुपये स्क्वेअर फूट सांगितले, म्हणजे ६० हजार, आणि वाट्याचे फुटाला ५० म्हणजे १३ हजार. पाण्याच्या टेस्टचे वेगळे पैसे नाही मागितले. ३ लाख ८० मध्ये हे मिळवून वर जीएसटी लावला की ५ लाख ३४ हजार ५४०. फरक उरला पंचवीस हजारांचा!

इथे बरेच जण "मग दुसराच बरा, काम पद्धतशीर आहे" म्हणून थांबतात. थांबू नका राव, उलटं पण बघा की पहिल्यात काय आहे जे दुसऱ्यात नाही. पहिल्याच्या ९५ मध्ये कोटिंगवर सिमेंटचा प्रोटेक्शन थर धरलाय, दुसऱ्याचं कोटिंग उघडंच राहणार. तो थर दुसऱ्याने ३५ रुपयांनी सांगितला, म्हणजे ४००० फुटाला १ लाख ४० हजार आणि जीएसटी, एकूण १ लाख ६५ हजार २००, आणि त्याचं कोटेशन गेलं ७ लाख २५ हजार २०० वर. पारडं पूर्ण उलटलं ना?

म्हणून मी त्याला वीस प्रश्न नाही विचारले, एकच विचारला, तुमची गच्ची वापरात आहे का? पापड वाळवणं, कोजागिरी, पोरांचं क्रिकेट, सोलर हीटरवाल्याची शिडी? उघड्या कोटिंगवर खुर्चीचा पाय ओढला तरी ओरखडा पडतो आणि मग "कोटिंग तुमच्या वापराने खराब झालं" म्हणून वॉरंटीवाला हात वर करतो. गच्चीला कायम कुलूप असेल आणि टाकी साफ करणारा सोडून कोणी जात नसेल तर थराची गरज नाही, मग पंचवीस हजार जास्त देऊन दुसरा घ्यायला माझी काही हरकत नाही. वापर असेल तर पहिलाच, पण कोब्याचा रेट, वाटा आणि ४८ तासांची टेस्ट ऑर्डरमध्ये लिहून घेऊन, फोनवरच्या शब्दावर नाही.

वॉरंटीचंही सांगून टाकतो, पहिल्याची १० वर्षं फक्त मटेरियलची आहे, दुसऱ्याची ७ वर्षं लेबर धरून. गळलं तर डबा फुकट मिळून काय करायचंय, मजुरीच जास्त असते.

त्याचं उत्तर आलं, "दादा गच्चीवर दर रविवारी योगा क्लास असतो." मग म्हटलं पहिल्याकडून सुधारित कोटेशन मागव, आणि मीटिंग एक आठवडा पुढे ढकल.