शिळ्या भाताचा हिशोब

"फ्रीजमधला भात गरम करून खाल्ला तर साखर खरंच कमी वाढते का?"

वाढते कमी, पण थोडीच. भात गार होताना शिजून मोकळ्या झालेल्या स्टार्चच्या साखळ्या, मुख्यतः अमायलोजच्या, पुन्हा घट्ट जुळतात. तेवढा भाग लहान आतड्यात पचत नाही आणि साध्या गरम करण्याने तो फारसा सुटतही नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडोनेशियातल्या अभ्यासात 100 ग्रॅम ताज्या भातात असा स्टार्च 0.64 ग्रॅम होता, 24 तास 4 अंशांवर ठेवून गरम केलेल्या भातात 1.65. म्हणजे फरक ग्रॅमभराचा, आणि तेवढ्याच भातात एकूण कर्बोदकं 28 ग्रॅमच्या आसपास! तिथे 15 निरोगी लोकांची साखर कमी चढली खरी, पण त्या भरवशावर मधुमेहींनी दुसऱ्यांदा भात वाढून घेऊ नये. आणि भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, बॅसिलस सीरियस या जिवाणूचं उलट्या घडवणारं विष गरम करूनही जात नाही.