चार स्प्रिंग म्हणजे चार सारखे वाटे नव्हेत

“चार सारख्या स्प्रिंगवर मशीन ठेवलं की एकूण वजनाला चारने भागा, तेवढंच प्रत्येक स्प्रिंगवर येतं. मोटरकडची बाजू जास्त दबत असेल तर तिथं एकावर एक अशा दोन-दोन स्प्रिंग लावा, ताकद दुप्पट होते. तरीही कल राहिला तर बेसच्या मधोमध आणखी दोन स्प्रिंग द्या, बेस सरळ होतो.”

कुपवाड एमआयडीसीतल्या शेडांमध्ये हा मजकूर बराच फिरतोय. त्यात तीन विधानं आहेत. पहिलं एका अटीवरच खरं ठरतं, दुसरं उलटं आहे आणि तिसऱ्यात कारण आणि परिणाम यांची गल्लत आहे. हिशेबासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरू. बेदाणा साफ करायचा ब्लोअर आणि त्याची मोटर चॅनेलच्या एकाच कडक बेसवर बसवली आहे, सगळं मिळून ४८० किलो. चार कोपऱ्यांना चार सारख्या स्प्रिंग, प्रत्येक १ मिलिमीटर दबायला १० किलो लागतात. पुढच्या आणि मागच्या जोडीत १२०० मिलिमीटर अंतर. मोटर जड असल्यामुळे गुरुत्वमध्य बेसच्या मध्यापासून २०० मिलिमीटर मोटरकडे सरकलेला आहे. आडव्या दिशेत तो बरोबर मधे आहे असं धरू.

आता चारने भागण्याबद्दल. चारही स्प्रिंगचा कडकपणा बेरजेने ४० होतो आणि ४८० भागिले ४० म्हणजे १२ मिलिमीटर, इथवर चूक नाही. पण हे १२ मिलिमीटर फक्त बेसच्या मध्यबिंदूचं दबणं आहे, कोपऱ्यांचं नव्हे. चारने भागणं गुरुत्वमध्य चारही स्प्रिंगच्या बरोबर मधे असेल तरच खरं, ही ती अट. बांबूला हळदीचं पोतं लटकवून दोघांनी खांद्यावर घेतलं, तर पोतं ज्याच्या जवळ त्याच्या खांद्यावर जास्त भार, हे शेतातल्या पोरालाही कळतं. इथंही तेच आहे. गुरुत्वमध्य मागच्या जोडीपासून ८०० आणि मोटरकडच्या जोडीपासून ४०० मिलिमीटरवर आहे. म्हणून मोटरकडच्या जोडीवर ३२० किलो आणि मागच्या जोडीवर १६० किलो येतात. म्हणजे मोटरकडच्या प्रत्येक स्प्रिंगवर १६० आणि मागच्या प्रत्येकीवर ८०. दबणं अनुक्रमे १६ आणि ८ मिलिमीटर. सरासरी १२ येते, म्हणूनच ही चूक कागदावर लपून राहते.

लपून राहते ती मशीन चालू होईपर्यंत. समजा स्प्रिंगच्या कॉइलला कॉइल टेकायला १५ मिलिमीटरच दबणं पुरतं. १२० किलो धरून निवडलेली स्प्रिंग मग मोटरकडे पूर्ण मिटून बसते. तो कोपरा लोखंडी ठोकळ्यावर ठेवल्यासारखा होतो आणि थरथर थेट कोब्यात उतरते. ओळखायची खूण सोपी आहे: शेजारच्या कॉइल जिथं एकमेकींना घासतात तिथं रंग उडून चकाकी आलेली दिसते.

एकावर एक स्प्रिंग लावण्याचा सल्ला मात्र सरळ नुकसान करतो. ज्यांनी जीप खाली बसवायला स्प्रिंग कापलेली पाहिली आहे त्यांना माहीत असेल, कापलेली स्प्रिंग जास्त कडक होते, कारण वेढे कमी झाले. एकावर एक ठेवणं म्हणजे त्याच तारेचे वेढे दुप्पट करणं. कडकपणा निम्म्यावर येतो, १० चा ५ होतो. भार मात्र वाटला जात नाही, कारण वरच्या स्प्रिंगवरचे १६० किलो खालच्या स्प्रिंगमधूनच जमिनीत जातात. दोघींवर पूर्ण १६० किलो, म्हणजे मिटायच्या त्या दोघीही मिटणारच. वेढे टेकले नाहीत असं क्षणभर मानलं तरी मोटरकडची बाजू ३२ मिलिमीटर दबेल, मागची ८ वरच राहील. आधी ८ मिलिमीटरचा कल होता, आता २४ चा झाला. शिवाय उंच चळत बाजूला वाकण्याची भीती वेगळीच.

त्याच दोन जादा स्प्रिंग एकीवर एक न ठेवता शेजारी-शेजारी ठेवा. मग मोटरकडच्या प्रत्येक कोपऱ्याचा कडकपणा २० होतो, १६० किलोला दबणं ८ मिलिमीटर आणि मागचंही ८. बेस समपातळीत, सहाही स्प्रिंगवर प्रत्येकी ८० किलो.

या जागी एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. कोपरे कडक केले तरी मोटरकडच्या जोडीचा वाटा ३२० किलोच राहिला. आधार दोनच ओळींत असले की कोणत्या ओळीवर किती भार हे गुरुत्वमध्याची जागा ठरवते, स्प्रिंग नव्हे. स्प्रिंग फक्त किती दबायचं ते ठरवते. “कडक स्प्रिंग जास्त भार ओढते” हे वाक्य दोन ओळींच्या बेसला लागू पडत नाही. चारही स्प्रिंग सारख्याच ठेवायच्या असतील तर मागची जोडी ४०० मिलिमीटर पुढे घ्या. जोड्यांचा मध्य गुरुत्वमध्याखाली येतो आणि प्रत्येकीवर १२० किलो पडतात. मात्र पाया ८०० मिलिमीटरचाच उरतो, म्हणून उंच मशीनला मी हा मार्ग सुचवणार नाही.

मधल्या स्प्रिंगचं काय? तिसरी ओळ आली की कडकपणा खरोखर भार वाटायला लागतो. मधोमध तशाच दोन स्प्रिंग घातल्या तर दबणं मोटरकडे १२, मधे ८ आणि मागे ४ मिलिमीटर होतं. भार प्रत्येकी १२०, ८० आणि ४० किलो. मोटरकडची स्प्रिंग मिटायची वाचली, हा फायदा मान्य. पण कल बघा, १२ वजा ४ म्हणजे तोच ८ मिलिमीटर. मधल्या दोन दुप्पट कडक घातल्या तर दबणं १०, ६ आणि २ होतं, कल पुन्हा ८. बेस मध्याभोवती कलतो आणि मधल्या स्प्रिंगला तिथं तरफेसारखा जोर लावायला अंतरच मिळत नाही. ती अख्खा बेस उचलते, पण कल काढू शकत नाही.

हा सगळा हिशेब बेस न वाकणारा आणि जमीन सपाट आहे असं धरून केलेला आहे. ते तपासायला मशीन उभं असताना चारही कोपऱ्यांना बेस आणि कोबा यांतलं अंतर मोजा. समोरासमोरच्या कोपऱ्यांची बेरीज करा. दोन्ही कर्णांची बेरीज सारखी आली आणि तरी कल असला, तर दोष गुरुत्वमध्याचा किंवा स्प्रिंगच्या निवडीचा. बेरजेत समजा ८ मिलिमीटरचा फरक आला तर बेस पिळलेला आहे किंवा कोबा एका कोपऱ्याला खाली आहे. बेसवर दोन्ही कर्णांनी दोरी ताणा. मध्यावर दोऱ्या एकमेकींना नुसत्या टेकल्या तर बेस सरळ आहे, म्हणजे दोष कोब्याचा. चारही स्प्रिंग सारख्या असतील तर खालावलेल्या कोपऱ्याच्या आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्याच्या स्प्रिंगवरून प्रत्येकी २० किलो उतरतात आणि उरलेल्या दोघींवर प्रत्येकी २० चढतात. तिथं स्प्रिंग बदलायची गरज नाही, खालावलेल्या कोपऱ्यात ८ मिलिमीटरची पट्टी पॅकिंग म्हणून सरकवली की झालं.