ओटीपी मागवा, मंजुरी द्या, खातं उघडा? नाही हो

«पालकांनो लक्ष द्या! मुलांचं शाळेचं अकाउंट लॉक झालं तर शाळेत फेऱ्या मारू नका. १) Forgot password? दाबा आणि ओटीपी आपल्या मोबाईलवर मागवा. २) फॅमिली लिंक टाका, पालक म्हणून मंजुरी द्या, अकाउंट आपोआप उघडतं. ३) वर्गशिक्षक एका मिनिटात पासवर्ड बदलून देऊ शकतात, मुद्दाम टाळतात. ४) काहीच नाही जमलं तर नवीन जीमेल काढून क्लासरूमला जोडा, फरक पडत नाही. सर्व पालकांना पाठवा.»

मी देवगड तालुक्यातल्या एका शाळेत संगणक शिकवतो. शाळेच्या गूगल खात्यांचा अ‍ॅडमिनही मीच, कारण ते काम घ्यायला दुसरं कुणी पुढे आलं नाही. जून-जुलैत हा मजकूर आमच्या पालकांच्या ग्रुपवर फिरला आणि त्याच पंधरवड्यात सातवीतल्या एका मुलीचं खातं अडलं. तिच्या घरच्यांनी चारही उपाय करून पाहिले होते. म्हणून तिचंच उदाहरण घेऊन एकेक मुद्दा पाहतो.

त्याआधी खात्याचा पूर्ण पत्ता डोळ्यांपुढे घ्या आणि @ या चिन्हापुढे काय आहे ते वाचा. तिथे @gmail.com असेल तर ते खातं घरचं आहे, तुम्ही किंवा मुलाने काढलेलं. तिथे शाळेचं किंवा संस्थेचं नाव असेल तर ते खातं शाळेने काढून दिलेलं आहे. ज्याने काढलं त्यालाच ते उघडता येतं. वरच्या मजकुरात हा फरकच नाही, त्यामुळे त्यातली अर्धी वाक्यं कुठल्या ना कुठल्या खात्याला लागू पडतात आणि सगळी मिळून कुठल्याच खात्याला लागू पडत नाहीत.

ओटीपीची गोष्ट. घरच्या जीमेलला तुमचा नंबर जोडलेला असेल तर ओटीपी येतो, बरोबर. शाळेच्या खात्याला मुलाचा किंवा पालकाचा नंबर बहुतेक वेळा जोडलेलाच नसतो, आणि १८ वर्षांखालच्या विद्यार्थ्याला स्वतःहून पासवर्ड परत मिळवण्याची सोयही सहसा बंद असते. Forgot password? दाबल्यावर पडद्यावर डोमेन अ‍ॅडमिनशी संपर्क साधा, एवढंच इंग्रजीत येतं. या मुलीचे वडील मुंबईला असतात. घरच्यांना वाटलं की ओटीपी बाबांच्या फोनवर जातोय आणि बाबा कामात असल्याने सांगत नाहीत. दोन दिवस नवरा-बायकोत त्यावरून कुरबुर. मुळात ओटीपी निघालाच नव्हता.

इथे आणखी एक पाहायचं असतं, ते म्हणजे पडदा नेमकं काय म्हणतोय. Wrong password असेल तर पासवर्डच चुकतोय. Couldn't find your Google Account असेल तर पासवर्डाचा संबंधच नाही: एकतर स्पेलिंग चुकलंय, नाहीतर शाळेने वर्ष बदलताना पत्ता बदललाय किंवा खातं पुसलंय. पुसलेलं खातं अ‍ॅडमिनला २० दिवसांच्या आत परत आणता येतं, त्यानंतर नाही. मे महिन्यात जुनी खाती साफ करणाऱ्या शाळा असतील, तर १५ जूनची वाट पाहू नका, तो संदेश दिसला त्याच दिवशी कळवा. आणि Verify it's you असेल तर पासवर्ड बरोबर आहे, गूगलला माणसाचा संशय आलाय. तिन्हींना लोक ‘लॉक झालं’ म्हणतात, आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

फॅमिली लिंकची मंजुरी. ही अफवा कुठून आली ते मला समजतं, कारण मंजुरी खरोखरच लागते. फक्त ती दुसऱ्या दाराची असते.

फॅमिली लिंक म्हणजे मुलाच्या फोनवर आणि खात्यावर पालकांनी लक्ष ठेवायचं गूगलचं अ‍ॅप. ते १३ वर्षांखालच्या मुलाच्या घरच्या गूगल खात्यावर चालतं. त्या खात्याचा पासवर्ड मूल विसरलं तर पालक आपल्या फोनवरून बदलू शकतात, तिथे शाळेचं काही काम नाही. शाळेचं खातं मात्र फॅमिली लिंकखाली येतच नाही. तुम्ही हजार वेळा मंजुरी द्या, शाळेच्या खात्याचा पासवर्ड हलणार नाही.

मग मंजुरी कशाची? मुलाच्या फोनवर फॅमिली लिंक असेल आणि त्याच फोनवर शाळेचं दुसरं खातं जोडायचं असेल, तर पालकाची संमती लागते आणि पालकाने आपल्या खात्याचा पासवर्ड मुलाच्या फोनवर टाकावा लागतो. म्हणजे पालक खात्याला फोनच्या आत येऊ देतात. खातं उघडत नाहीत. हॉस्टेलच्या फाटकावर रखवालदाराने आत सोडलं, तरी खोलीची किल्ली वेगळीच असते.

या मुलीचं नेमकं इथेच अडलं. जुना फोन होडीतून पडून पाण्यात गेला, बाबांनी मुंबईहून दुसरा पाठवला आणि पाठवण्याआधी त्यावर फॅमिली लिंक टाकलं. पालक म्हणून फक्त बाबा. आता शाळेचं खातं जोडायचं तर बाबांचा पासवर्ड देवगडातल्या फोनवर टाकायला हवा. बाबा तो फोनवरून सांगायला तयार होते, मी थांबवलं. त्याच खात्यात त्यांचं सगळं असतं, आणि मुलीला तो पासवर्ड कळला तर फॅमिली लिंकला अर्थच उरत नाही. सोपी वाट अशी: बाबांनी आपल्या फोनवरून आईला कुटुंबाच्या ग्रुपमध्ये घ्यायचं आणि तिला पालकाचे अधिकार द्यायचे. आईने आमंत्रण स्वीकारलं की ती स्वतःचा पासवर्ड टाकून मंजुरी देते. चाकरमान्यांच्या घरात हे आधीच करून ठेवायला हवं, कारण फोन एका गावात आणि पालक दुसऱ्या शहरात ही आपल्याकडची रोजची स्थिती आहे.

(काही पालकांना क्लासरूमचा साप्ताहिक ईमेल येतो, त्यात मुलाचा राहिलेला अभ्यास दिसतो. तो ईमेल स्वीकारला म्हणून खात्यावर अधिकार मिळत नाही. तो फक्त वाचायचा.)

‘वर्गशिक्षक मुद्दाम टाळतात.’ यावर मला जरा राग येतो, तरी शांतपणे लिहितो. गूगल क्लासरूममध्ये शिक्षकाला मुलांची नावं दिसतात, अभ्यास दिसतो, पण पासवर्ड बदलण्याचं बटणच नसतं. ते अ‍ॅडमिनकडे असतं. अ‍ॅडमिनने एखाद्या शिक्षकाला ठरावीक गटापुरता तो अधिकार दिला तर तो शिक्षकही करू शकतो. आमच्याकडे आता सातवी-आठवीसाठी एका बाईंना दिलाय. मुलं प्रोग्रॅमिंग शिकतात त्या स्क्रॅच नावाच्या साइटवर मात्र मजकुरातलं वाक्य खरं ठरतं. तिथे शिक्षकाने वर्गात तयार केलेल्या खात्यांना ईमेलच नसतो, म्हणून शिक्षकाकडूनच पासवर्ड बदलावा लागतो. पण तेच खातं मुलाने घरी तुमच्या ईमेलने काढलं असेल, तर तिथे शिक्षकाचं काही चालत नाही.

अ‍ॅडमिनचं काम खरंच मिनिटाचं आहे. admin.google.com वर Users मध्ये नाव शोधायचं, Reset password दाबायचं, तात्पुरता पासवर्ड द्यायचा आणि पुढच्या वेळी मुलाने तो बदलावा अशी खूण करायची. वेळ लागतो तो माणूस ओळखण्यात. अनोळखी नंबरवरून ‘सर, मी अमक्याची आई, पासवर्ड पाठवा’ असा मेसेज आला तर मी पाठवत नाही. दाखल्यावर जो नंबर आहे त्याला मी स्वतः फोन करतो, किंवा मूल समोर उभं असलं तर त्याच्या हातात चिठ्ठी देतो. हे मी चुकून शिकलो. पूर्वी एकदा घाईत तात्पुरता पासवर्ड वर्गाच्या ग्रुपवर टाकला होता. संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच मुलाने आत जाऊन खऱ्या मुलाच्या नावाने वर्गात काहीबाही लिहून ठेवलं.

मुलीच्या खात्याचा पासवर्ड मी सकाळी ११ वाजता बदलला आणि चिठ्ठी तिच्याकडे दिली. संध्याकाळी आईचा फोन. पासवर्ड चालला, पण Verify it's you आलं. नवा फोन आणि लगेच बदललेला पासवर्ड, गूगलला संशय येणारच. ती पडताळणी नंबर किंवा जुना फोन मागते. नंबर जोडलेला नाही आणि जुना फोन खाडीत.

यावरचा उपाय फार कमी लोकांना माहीत असतो. अ‍ॅडमिनच्या पडद्यावर त्या विद्यार्थ्याच्या Security भागात Login challenge आहे, ते १० मिनिटांसाठी बंद करता येतं. तेवढ्या वेळात मुलाने आत शिरायचं, नंतर ते आपोआप पूर्ववत होतं. शहरात दहा मिनिटं पुरेशी. आमच्याकडे त्यांची वाडी खाली खाडीकाठी, तिथे इंटरनेट नाही; रेंज येते ती वर सड्यावर. मी शाळेतून बटण दाबून मग फोन केला असता तर त्या चढेपर्यंत वेळ संपली असती. म्हणून उलटं केलं. आधी मायलेकी सड्यावर गेल्या, फोनवर पत्ता आणि पासवर्ड टाकून तयार राहिल्या, मला फोन केला, आणि मग मी बटण दाबलं.

नवीन जीमेल. फरक पडतो. बहुतेक शाळांच्या वर्गात बाहेरच्या खात्याला प्रवेशच नसतो. असला तरी जुना अभ्यास, ड्राइव्हमधल्या फायली, शेरे हे सगळं जुन्या खात्यात राहतं आणि शिक्षकाला यादीत एकाच मुलीची दोन नावं दिसतात. उलट पासवर्ड बदलल्याने यातलं काही जात नाही. शिवाय १३ वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं साधं जीमेल काढता येत नाही, म्हणून घरचे जन्मसाल खोटं टाकतात. या मुलीचंही टाकलं होतं. गूगलला वय कमी असल्याचं कळलं की खातं वयाच्या नियमात बसवायला १४ दिवस मिळतात, नाहीतर ते बंद होतं. म्हणजे एक अडलेलं खातं सोडवायला गेलात आणि दुसरं अडकवून ठेवलंत.

शाळेला कळवताना तीन गोष्टी पाठवा: @ सह पूर्ण पत्ता, पडद्यावर जे आलंय त्याचा स्क्रीनशॉट, आणि फोन नवा आहे की जुना. जुना पासवर्ड पाठवू नका, तो आम्हाला लागत नाही.

त्या संध्याकाळी सातव्या मिनिटाला पलीकडून वाऱ्याच्या आवाजात आईचं वाक्य आलं, “उघाडला सर. पाऊस इलो, मी खाली जातंय.” आणि रेंज गेली.