डोंगर बोली तोडतो तो नेमका कसा? एका प्रतिक्रियेला उत्तर

> «डोंगर आडवा आला की भाषा फुटते, हे शाळेच्या नकाशाछाप उत्तर झालं. आल्प्समध्येच बघा ना. माँटे रोझाच्या दोन्ही अंगांना वाल्झर लोक एकाच घराण्यातली जर्मन बोली बोलतात. उलट एंगादीन खोऱ्यात मध्ये डोंगर नसताना एकाच नदीकाठी रोमान्शच्या दोन बोली आहेत. नद्या तर माणसं जोडतात. भाषा तोडतात सत्ता आणि धर्म. भूगोलाला एवढं श्रेय कशाला?»

नमस्कार. डोंगरामुळे बोली वेगळ्या होतात, ह्या माझ्या लेखावरच्या प्रतिक्रियेत तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं खरी आहेत आणि नेमकी निवडलेली आहेत. म्हणूनच उत्तर लांबणार आहे. मी ते तुमच्याच मैदानात देतो, म्हणजे स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युन्डन प्रांतात. ह्या वादाचा निकाल लावायला इतकी सोयीची दुसरी जागा मला माहीत नाही.

आधी एंगादीन. इन नदीच्या ह्या लांब खोऱ्यात लॅटिनपासून आलेल्या रोमान्श भाषेच्या दोन बोली आहेत, वरच्या भागात पुतेर आणि खालच्या भागात वल्लादेर. दोघींमधली हद्द पुंट ओटापाशी आहे. तिथे इनला मिळणारा एक ओढा आहे आणि त्यावर पूल. ओढा काही कुणाला अडवत नाही. ती जुनी कारभाराची हद्द आहे. वरच्या आणि खालच्या एंगादीनचे न्यायनिवाडे वेगळे चालत, आणि खालच्या भागावरचे शेजारच्या ऑस्ट्रियातल्या तिरोलच्या राजघराण्याचे हक्क तर तिथल्या लोकांनी 1652 मध्ये पैसे मोजून सोडवून घेतले. धर्मसुधारणेच्या काळात छपाई आली तेव्हा 1560 मध्ये नवा करार पुतेरमध्ये छापला गेला, आणि दोनच वर्षांनी वल्लादेरमध्ये स्तोत्रं. तेव्हापासून दोन्हीकडचं लेखन आपापल्या वाटेनं गेलं. इथवर तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

पण ही फूट किती खोल आहे ते बघा. घराला पुतेरमध्ये चेझा म्हणतात आणि वल्लादेरमध्ये चाझा. दोन्हीकडची माणसं आपापल्या बोलीत बोलतात आणि संवाद अडत नाही. आता त्याच रोमान्श भाषेची तिसरी बोली घ्या, ऱ्हाईन नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यातली, म्हणजे सुरसेल्वातली, सुरसिल्वान. तिथे घर म्हणजे काझा. एवढ्यावर थांबलं असतं तर फारसं काही नव्हतं, पण फरक शब्दाशब्दाला भेटत राहतो. एंगादीनचा माणूस आणि सुरसेल्वाचा माणूस पहिल्यांदा समोरासमोर आले की गाडी अडखळते, आणि अनेकदा दोघंही मुकाट जर्मनवर येतात. दोन खोऱ्यांच्या मध्ये पर्वतरांगा आहेत, घाट आहेत आणि बर्फात बंद होणारे महिने आहेत. कारभाराच्या हद्दीनं पडलेली फूट आणि डोंगरानं पडलेली फूट एकाच मापाची नाही, हा माझा पहिला मुद्दा. दोन्हींना नुसतं ‘वेगळी बोली’ म्हटलं की हा फरक झाकला जातो.

डोंगर हे करतो कसं? लॅटिनमधला ‘दुरुस’ म्हणजे कठीण हा शब्द घेऊ. त्यातला लांब ‘ऊ’ ह्या सगळ्या प्रदेशात कधीकाळी एका वेगळ्या स्वरात बदलला. जीभ ‘ई’च्या जागी ठेवायची आणि ओठ मात्र ‘ऊ’सारखे गोल करायचे, की तो स्वर येतो. मराठीत तो नाही, म्हणून मी इथे ‘यू’ लिहितो. एंगादीनमध्ये आजही ‘द्यूर’ म्हणतात. ऱ्हाईनच्या बाजूला पुढे आणखी एक बदल झाला. तिथे लोकांनी ओठ गोल करणं सोडलं, आणि तोच शब्द ‘दीर’ झाला. चंद्राचंही तसंच: एंगादीनमध्ये ल्यूना, सुरसेल्वात ल्यीना. डोळ्याच्या शब्दातला गोल ओठांचा ‘ए’ तिकडे साधा ‘ए’ झाला. म्हणजे पहिला बदल सगळीकडे पोचला आणि दुसरा ऱ्हाईनच्या बाजूलाच राहिला, घाट ओलांडून एंगादीनमध्ये गेला नाही.

डोंगराचं काम एवढंच असतं. तो भाषेचे दोन तुकडे करत नाही. एकीकडे सुरू झालेला उच्चार, शब्द किंवा व्याकरणाची लकब दुसरीकडे जाऊन रुजण्याइतक्या वेळा माणसांच्या कानावर पडू देत नाही. प्रत्येक खोऱ्यात प्रत्येक पिढी काही ना काही बदलतेच. ये-जा भरपूर असेल तर ते बदल एकतर सगळीकडे पसरतात किंवा हास्यास्पद ठरून मरतात. ये-जा नसेल तर जिथल्या तिथे साचतात. दहा-वीस पिढ्या साचले, की आपण त्याला दुसरी बोली म्हणायला लागतो.

म्हणून डोंगराची उंची हे माप चुकीचं आहे. पलीकडे जायला किती वेळ लागतो आणि तिकडे जाण्याचं काही कारण आहे का, हे विचारायला हवं. बेर्ग्युन हे गाव आल्बुला घाटाच्या उत्तरेला आहे आणि घाट 2300 मीटरच्या वर आहे. तरी तिथली लिहिण्याची परंपरा घाटापलीकडच्या पुतेरची. उंच असला तरी तो वापरातला घाट होता. उलट ऱ्हाईनच्या खोऱ्यात फ्लिम्सजवळ बघा. तिथे प्रागैतिहासिक काळात अख्खा डोंगर कोसळून खोरं भरून गेलं. नदीनं त्या राडारोड्यातून खोल घळ कापली आणि वरच्या उंचवट्यावर दाट जंगल वाढलं. नदी एकच, खोरं एकच, पण जंगलाच्या वर सुरसिल्वान आणि खाली सुत्सिल्वान ही रोमान्शची आणखी एक बोली. नकाशावर तिथे पर्वतरांग शोधायला गेलात तर सापडणार नाही.

आता वाल्झर. हे लोक स्वित्झर्लंडमधल्या ऱ्होन नदीच्या वरच्या खोऱ्यातून, मुख्यतः तेराव्या शतकात, घाट ओलांडून चहूकडे पसरले. दाव्होस, ऱ्हाईनवाल्ड, माँटे रोझाच्या दक्षिणेची खोरी ही सगळी त्यांची वसाहत. तुम्ही म्हणता, डोंगर भाषा तोडतो तर ह्यांची का तुटली नाही? पण डोंगर एकदा ओलांडणं आणि दर आठवड्याला बाजाराला पलीकडे जाणं ह्यांत फार अंतर आहे. वाल्झर लोकांनी पलीकडे जाताना भाषा सोबत नेली. दोन्हीकडे सारखेपणा दिसतो तो त्या सुरुवातीचा, रोजच्या संपर्काचा नव्हे. तो तसाच टिकलेलाही नाही. माँटे रोझाखालच्या लीस खोऱ्यात ग्रेसोनी आणि इस्सीम ही दोन वाल्झर गावं आहेत. ग्रेसोनीची बोली तित्श, इस्सीमची त्योइत्शू. एकाच नदीकाठी असून दोघींत चांगलाच फरक पडला आहे. इस्सीम खाली आहे, शेजारच्या लॅटिनपासून आलेल्या बोलींशी त्याची घसट जास्त, आणि तो प्रभाव बोलीत उतरला आहे. म्हणजे तुमचं उदाहरण नीट उलगडलं तर माझ्या बाजूनं साक्ष देतं.

सत्ता आणि धर्म हीच खरी कारणं असतील, तर सामनाऊनचं काय करायचं, हे मला तुमच्याकडून ऐकायला आवडेल. सामनाऊन हे स्वित्झर्लंडच्या पूर्व टोकाचं छोटं खोरं. तिथले लोक रोमान्श बोलत. राजकीयदृष्ट्या ते ग्राउब्युन्डनचे होते आणि आजही आहेत. पण खोऱ्यातून खाली उतरायची चालण्याजोगी वाट ऑस्ट्रियाच्या तिरोलमध्ये जात होती. खरेदी तिकडे, कामधंदा तिकडे. एकोणिसाव्या शतकात सामनाऊननं रोमान्श सोडली आणि तिरोलची बव्हेरियन वळणाची जर्मन उचलली. बाकीच्या जर्मनभाषक स्वित्झर्लंडमध्ये बोलतात ती अलेमानिक जर्मन नव्हे! आपल्याच देशाशी जोडणारा रस्ता नव्हता म्हणून 1892 मध्ये सरकारनं सामनाऊनला जकातीतून वगळलं. स्विस बाजूनं रस्ता झाला तो 1912 च्या सुमाराला, तोवर भाषा बदलून गेली होती. इथे सत्ता एका दिशेला ओढत होती आणि पायवाट दुसऱ्या. जिंकली पायवाट.

ह्याची दुसरी बाजूही तिथेच दिसते. रोमान्शच्या पाच लेखी बोलींपैकी सर्वांत कमी बोलणारे आज सुत्सिल्वानचे आहेत, आणि तिचा प्रदेश स्प्ल्यूगन व सान बर्नार्दिनो ह्या मोठ्या घाटांकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. रस्त्यानं व्यापार आला आणि जर्मन आली. अडसर जसा बोली वेगळी करतो तसा तिला राखतोही.

हे एका प्रांताचं अपवादात्मक प्रकरण नाही. शार्लोट गूस्केन्स ह्या संशोधिकेनं नॉर्वेतल्या पंधरा बोलींमध्ये एकच छोटी गोष्ट ध्वनिमुद्रित केलेली घेऊन उच्चारांमधलं अंतर मोजलं आणि ते प्रवासाच्या वेळेशी ताडून पाहिलं. नकाशावरच्या सरळ अंतरापेक्षा 1900 सालचा प्रवासाचा वेळ बोलींमधल्या फरकाशी जास्त जुळला, आणि आजच्या प्रवासाच्या वेळेपेक्षाही तोच वरचढ ठरला. बोगदा आज झाला तरी बोलीत जुनी वाट शिल्लक असते. हीच तपासणी कुठेही करता येते. दोन बोलींची सीमा सापडली की तिथे एकच फरक बदलतो की दहा-पंधरा फरकांच्या रेषा एका पट्ट्यात येतात ते बघायचं. गठ्ठा असेल तर दीर्घकाळ कमी ये-जा होती असं समजावं. मग ती कशामुळे कमी होती, कड्यामुळे, जंगलामुळे की हद्दीमुळे, ते त्या जागेच्या इतिहासाला विचारावं. भूगोल एकटा हे सांगू शकत नाही, ही मर्यादा मी मूळ लेखातही मान्य केली होती.

राहिल्या नद्या. इथे आपण जवळजवळ एकाच बाजूला आहोत. फ्रान्समधला आल्सास आणि जर्मनीतला बाडेन ह्यांच्यामधली ऱ्हाईन घ्या. एकोणिसाव्या शतकात तिचं पात्र सरळ करण्यात आलं. त्याआधी ती असंख्य फाट्यांत, बेटांत, दलदलीत पसरलेली होती, ओलांडायला चांगलीच त्रासदायक. तरी दोन्ही काठांवर एकाच कुळीच्या अलेमानिक बोली होत्या, कारण होडी घालून पलीकडे जाण्यात फायदा होता. नदी अडवते ती घळीत शिरते तेव्हा, किंवा पलीकडे जाण्यासारखं काहीच नसतं तेव्हा. आज मात्र त्याच ऱ्हाईनवर भाषेची धारदार रेघ उमटते आहे: एका काठाची मुलं शाळेतून फ्रेंच घेऊन येतात, दुसऱ्या काठाची प्रमाण जर्मन, आणि आल्सासच्या घरांमधली जुनी बोली तरुणांच्या तोंडी झपाट्यानं कमी होते आहे. ही रेघ पूर्णपणे सत्तेची. पाणी तर पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे, वर पूलही आहेत. तुम्ही हे उदाहरण दिलं असतंत तर मला उत्तर लिहायला जास्त घाम गाळावा लागला असता.