तारीख सरकवा, पण रेघ मारू नका

तुमच्या साइटवर काम चालू असेल आणि ते वेळेत होणार नाही हे तुम्हाला मनातून ठाऊक असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. आमच्या रावेर-सावदा पट्ट्यात एका शेतकरी गटाचं केळीचं पॅकहाऊस उभं राहतंय. निदान कागदावर तरी उभं राहतंय. त्याचं नियोजन माझ्याकडे आहे, म्हणजे दर सोमवारी दहाच्या बैठकीत चहा पीत तारखा विचारणं. ३१ मार्चच्या सोमवारी जे घडलं, त्यानंतर मला वाटलं की ही विद्या आपल्यापुरती ठेवणं बरं नाही.

पहिला सल्ला: माइलस्टोन ट्रेंड चार्ट काढूच नका. जर्मन कंपन्यांत तो फार चालतो म्हणे. तिकडच्यांना दुसरा उद्योग नसावा. चौकटीचा एक कागद घ्यायचा. आडव्या बाजूला बैठकीच्या तारखा, उभ्या बाजूला टप्पा पुरा होण्याच्या तारखा. दोन्हीकडे सुरुवात एकाच तारखेपासून, आणि एका आठवड्याला सारख्याच चौकटी. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वर पंचेचाळीस अंशात एक तिरपी रेघ ओढली की ती झाली 'आज'ची रेघ. मग दर सोमवारी त्या सोमवारच्या उभ्या ओळीत, प्रत्येक टप्पा कधी होईल असं आज वाटतंय, तिथे एक टिंब. टिंबं जोडली की टप्प्याची रेघ तयार. रेघ आडवी राहिली तर काम वेळेवर, वर चढली तर उशीर, खाली उतरली तर लवकर, आणि तिरप्या रेघेला जाऊन भिडली त्या दिवशी टप्पा पुरा. पाचवीतल्या पोराला समजेल. म्हणूनच टाळा.

दुसरा सल्ला: बैठक सोमवारची असेल तर ती बुधवारी घ्या.

तिसरा सल्ला: टप्पे असे निवडा की ते झाले की नाही यावर वाद घालता येईल. 'शेड उभी' म्हणू नका, कारण पत्रे चढले की नाही हे आंधळ्यालाही दिसतं. 'शेडचं काम ऐंशी टक्के' म्हणा. ऐंशी टक्क्यांत माणूस चार महिने सुखाने राहू शकतो.

चौथा सल्ला: दोन्ही अक्षांची मापं वेगवेगळी ठेवा. एक्सेल हे काम न सांगता करतं. उभा अक्ष आपोआप लांबला की पंचेचाळीस अंशाची रेघ झोपते आणि तीन आठवड्यांचा उशीर मुंगीएवढा दिसतो. दोन्ही अक्षांची किमान आणि कमाल तारीख हाताने सारखी करणारा आणि चार्ट ओढून चौकोनी करणारा खवचट माणूस ऑफिसात नसला म्हणजे झालं. तारखा `28.2.2025` अशा टिंब देऊन टाका. एक्सेल ती बहुधा तारीख न मानता मजकूर मानतं, आकडा सेलच्या डाव्या कडेला चिकटतो आणि चार्टवरची रेघ सरळ तळाला जाऊन आपटते. मग "फाइलच बिघडलीये भाऊ" म्हणायला तुम्ही मोकळे.

पाचवा सल्ला सगळ्यात मोलाचा. जुनी तारीख खोडून त्याच सेलमध्ये नवी लिहा. याला 'अपडेट करणं' म्हणतात.

आमच्याकडे जानेवारीत मी साधा तक्ता करून दिला होता. प्रत्येक सोमवारची एक ओळ, प्रत्येक टप्प्याचा एक रकाना. ३१ मार्चला तो उघडला तर सगळ्या ओळी गायब. 'अपेक्षित तारीख' नावाचा एकच रकाना शिल्लक, आणि शेडपुढे लिहिलेलं: १८ एप्रिल. साइट इन्चार्ज म्हणाले, "गर्दी होत होती, म्हणून मी शीट साफ केली. लेटेस्ट तारीख आहे ना!" आहे ना! लेटेस्ट आहे! अहो, मला लेटेस्टचं काय लोणचं घालायचंय? एका तारखेने काहीच कळत नाही. १८ एप्रिल ही गेल्या तीन महिन्यांपासूनची १८ एप्रिल आहे, की कालपर्यंत ११ होती आणि त्याच्या आधी ४ होती, हे कळायला आधीच्या तारखा लागतात. त्या खोडल्यात की मागे राहतं ते नुसतं भविष्य, आणि भविष्य सांगायला बसस्टँडवर पोपटवाला आहे.

त्या रात्री मी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर मागे मागे गेलो. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, भरीत पार्टीचे फोटो, कळण्याच्या भाकरीवरून झालेली भांडणं, हे सगळं ओलांडत तेरा सोमवारांच्या तारखा एकेक वेचल्या. मग चौकटीच्या वहीत पेनने टिंबं मारली.

६ जानेवारी ते १७ फेब्रुवारी, सलग सात सोमवार, शेडची तारीख २८ फेब्रुवारी. रेघ कशी? शेतातल्या सरीसारखी सरळ. बघून वाटावं, काय शिस्तीचं काम आहे. २४ फेब्रुवारीला, मुदतीला चार दिवस उरलेले असताना, टिंबाने एकदम तीन आठवड्यांची उडी मारली: २१ मार्च. ३ मार्चलाही २१ मार्च. १० मार्चला २८ मार्च, कारण होळी आली. सातपुड्यातले मजूर भोंगऱ्याच्या बाजाराला आणि होळीला घरी जातात, ही बातमी आमच्या ठेकेदारांना दरवर्षी मार्चमध्येच कळते. पुढे १७ मार्चला ४ एप्रिल, २४ मार्चला ११ एप्रिल, ३१ मार्चला १८ एप्रिल.

आता शेवटची चार टिंबं बघा. आठवडा सात दिवसांनी पुढे गेला, तारीखही सात दिवसांनी पुढे गेली. प्रत्येक सोमवारी शेड बरोब्बर अठरा दिवसांवर. रेघ 'आज'च्या तिरप्या रेघेला समांतर चाललीये, आणि समांतर रेघा कधी भेटत नाहीत हे शाळेत सगळ्यांनाच शिकवलंय. अशी रेघ दिसली की त्या टप्प्यावर काम चाललेलं नसतं. फक्त तारीख चाललेली असते. ठेकेदार धुळ्याकडचे. ते दर वेळी "व्हई जाई भाऊ" म्हणतात, आणि ते इतकं प्रेमाने म्हणतात की पुढचा प्रश्न घशातच राहतो.

याहून मजा पुढे आहे. ट्रायल रन, म्हणजे शीतगृह चालू करून तेरा-चौदा अंशांवर स्थिर राहतं का ते बघणं, त्याची तारीख १५ एप्रिल. ती तेराही सोमवार जागची हलली नाही. कशी हलेल? ती दुसऱ्या शीटवर होती आणि शेतकरी गटाचं बघणाऱ्या आबांना तोंडी दिलेली होती. शेड उभी झाल्यावर पफ पॅनल, पाइपिंग, वायरिंग, गॅस भरणं या सगळ्याला चाळीस दिवस, हे ठेकेदारांनीच सांगितलेलं. २८ फेब्रुवारीला शेड झाली असती तर काम ९ एप्रिलला संपून सहा दिवस हाताशी राहत होते. २४ फेब्रुवारीला शेड २१ मार्चवर गेली, तेव्हाच ट्रायल ३० एप्रिलच्या आत शक्य नव्हती. ३० एप्रिलला अखाजी, म्हणजे तीही गेली. वहीत दोन्ही रेघा एकत्र काढल्यावर ३१ मार्चच्या ओळीत काय दिसलं? शेडची रेघ ट्रायलची रेघ कापून वर गेलेली. १५ तारखेला यंत्र केळी थंड करणार आणि १८ तारखेला त्याच्यावर छप्पर येणार.

सहावा सल्ला: टप्प्यांच्या रेघा कधीही एका कागदावर काढू नका.

सातवा सल्ला: तारीख उलटून गेली तरी तशीच ठेवा. टिंब तिरप्या रेघेच्या खाली जातं, म्हणजे 'हे काम मागच्या आठवड्यात होईल'. व्याकरणाला धक्का बसतो, दुसरं काही नाही.

आठवा सल्ला द्यायचा होता, पण आता हे नाटक पुरे.

इन्चार्ज साहेब, ती पहिली सात टिंबं. त्या आडव्या रेघेबद्दल मला तुम्हाला विचारायचंय. २७ जानेवारीला शेडच्या ड्रॉइंगवर सहीच झाली नव्हती. सही झाल्याशिवाय कारखाना लोखंड कापायला घेत नाही, कापल्यावर खांब आणि कैच्या ट्रकने यायच्या, आल्या की उभ्या करायला तीन आठवडे. मुदतीला राहिले होते बत्तीस दिवस. हा हिशोब बोटांवर होतो. तुम्हाला २४ फेब्रुवारीला कळलं असं म्हणू नका. तुम्हाला महिनाभर आधी माहीत होतं, तरीही त्या दिवसापासून चार सोमवार तुम्ही माझ्या तोंडावर २८ फेब्रुवारी म्हणालात. मीही कमी नाही. रेघ आडवी दिसली म्हणून खूश झालो, आणि ही तारीख तुम्ही कशावरून सांगताय हे एकदाही विचारलं नाही. नुसतं मागच्या आठवड्यासारखंच लिहून टाकलं तरी रेघ आडवीच येते. चार्टला खरं-खोटं कळत नाही, त्यात जे घालाल तेच दिसतं. शेवटच्या क्षणी उडी मारणारी रेघ बघितली की एवढं मात्र नक्की कळतं की आधी कुणीतरी तोंड शिवून बसलं होतं.

आबांनी १५ एप्रिल धरून व्यापाऱ्याशी बोली केली. गटातल्या लोकांनी त्या हिशोबाने कापणी लावली. घड झाडावर किती थांबेल, आणि रावेरच्या उन्हात कापलेला घड किती तास टिकेल, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या घरी पण केळी आहे. शेड १८ एप्रिलला झाली तरी चाळीस दिवस धरून २८ मे येतो. हे आबांना ३१ मार्चला मी सांगितलं. ते तुम्ही २७ जानेवारीला सांगायला पाहिजे होतं. तेव्हा बोली बदलता आली असती, दुसऱ्याचं शीतगृह भाड्याने बघता आलं असतं. आता आबा फोन उचलत नाहीत. माझाही नाही.

वही माझ्या टेबलावर आहे. तेरा टिंबं मी पेनने मारलीत. पुढच्या सोमवारी चौदावं तुम्ही स्वतःच्या हाताने मारायचं, आणि तारीख बदललीत तर टिंबाशेजारी एका ओळीत कारण लिहायचं. शीटला हात लावायचा नाही.