अर्धं काम म्हणजे अर्धं बिल नव्हे

"जॉब कार्डाचा एवढा पसारा कशाला? काम अर्धं झालं की अर्धं बिल उत्पन्नात धरायचं, महिना बंद. लहान प्रेसला हे परवडतं का?"

तुमचा राग कळतो, पण आमच्या म्हापशाच्या प्रेसमधलाच एक जॉब सांगतो, मग तुम्हीच ठरवा. देवळाची स्मरणिका, 1000 प्रती, 64 पानं, दोन रंग, जीएसटी सोडून 62,000 चं कोटेशन. चवथीला कामगार गावी गेले तेव्हा आतले चारही फर्मे छापून झाले होते, पण फोल्डिंग, कव्हर, बाइंडिंग सगळं बाकी, आणि त्यातच ऑगस्ट संपला.

जॉब कार्डावर तोवर कागद 20,000, 16 प्लेटचे 6,400 आणि मशीनचे 9 तास 900 च्या दराने 8,100, म्हणजे 34,500 चढले होते. राहिलेल्या कामाला अजून 16,000 लागणार होते. आता तुमच्या पद्धतीने 31,000 उत्पन्न धरून झालेला खर्च वजा केला तर ऑगस्टला साडेतीन हजार तोटा आणि सप्टेंबरला पंधरा हजार नफा दिसतो, एकाच जॉबचा! कारण कागद नि प्लेटचा खर्च सुरवातीलाच पडतो, दिसायला काम अर्धं असलं तरी पैसे अर्ध्याहून खूप जास्त गेलेले असतात. म्हणून 34,500 हे अपूर्ण काम म्हणून स्टॉकमध्ये ठेवायचे, बिल झालं की सप्टेंबरमध्ये पूर्ण 11,500 नफा येतो. घेतलेला 25,000 चा ॲडव्हान्सही तोवर उत्पन्न नाही, ते गिऱ्हाइकाचं देणं.

फक्त एक बघायचं, 62,000 मधून राहिलेले 16,000 गेले की 46,000 उरतात, आपला आकडा त्याच्या आत आहे, म्हणून चालतं. कोटेशन कमी पडलं असतं तर आकडा तेवढा खाली आणून तोटा ऑगस्टलाच दाखवावा लागला असता.

आणि मशीन कार्डावर खरं तर 11 तास होते हां. एका फर्म्याचा रंग सरकला, एक रिम वाया गेला, परत छापलं. मेकरेडीचे नेहमीचे कागद जॉबवर टाकतो, पण हे दोन तास आणि तो रिम ऑगस्टच्या खर्चात टाकले, कारण चुकीने पुस्तक महाग होतं, स्टॉक वाढत नाही. चवथीत मशीन बंद होतं म्हणून तासाचा दरही वाढवला नाही, तो वर्षाच्या नेहमीच्या तासांवरून काढलेला असतो.

माझा खरा घोटाळा मात्र कागदात झाला होता. कव्हरचं पाकीट गोडाऊनमध्ये न फोडता पडलेलं, आणि इश्यूची स्लिप आधीच फाडलेली, त्यामुळे 6,000 मोजणीतही आले नि जॉबवरही. ऑगस्टचा नफा उगाच फुगलेला दिसला म्हणून शोधलं तर हे सापडलं. आता 31 तारखेला संध्याकाळी मी स्वतः कार्ड हातात घेऊन गोडाऊनमध्ये फिरतो, न फोडलेलं पाकीट असलं की स्लिप रद्द. अर्धा तास लागतो, लहान प्रेसलाही.